दोन कोटी आणि आत्याचं मत

सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागांची खडखड चालू आहे, टर्किश टॉवेलांचे गठ्ठे बांधले जातायत. इथलाच एक घरगुती कारखाना समजू. प्रायव्हेट लिमिटेड, दहा रुपयांचे 10 लाख शेअर. दोघा भावांकडे 40-40 टक्के, आत्याकडे 20. गंगाजळी 4 कोटींची, पण ती सूत, माग आणि उधारीत अडकलेली. नव्या रॅपियर मागांसाठी 2 कोटी हवेत.

धाकटा म्हणतो, "दादा, बोनस शेअर काढू या."

"अन् पैसे कोण देणार?"

कोणीच नाही. एकास एक बोनस दिला, तर गंगाजळीतले 1 कोटी भांडवलाच्या रकान्यात जातात आणि शेअर 20 लाख होतात. या खिशातलं त्या खिशात! बँकेत एक रुपयाही वाढत नाही.

मग राइट्स इश्यू. पैसे आहे त्या भागधारकांकडूनच मागायचे, ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे. समजा, नोंदणीकृत मूल्यांककाने शेअरची किंमत 80 रुपये काढली, पण घरचाच मामला म्हणून भावांनी 50 रुपयांनी 4 लाख शेअर देऊ केले. आत्याच्या वाट्याला 80 हजार शेअर आले, म्हणजे 40 लाख रुपये. तिच्याकडे एवढे नाहीत. मुदतीत ती गप्प राहिली, तर तो नकार धरला जातो. तिचे शेअर भावांनी घेतले, की तिचा हिस्सा 20 वरून 14 टक्क्यांवर येतो.

खरी खोच शेअरच्या किमतीत आहे. आत्याचे शेअर आधी 1 कोटी 60 लाखांचे होते. इश्यूनंतर कंपनी 10 कोटींची झाली, पण शेअर 14 लाख झाले. म्हणून तिच्याकडचा माल उरतो सुमारे 1 कोटी 43 लाखांचा. शेअर 80 रुपयांनीच दिले असते, तर हिस्सा घटला असता, पण हे 17 लाख भावांच्या पदरात पडले नसते. कंपनीच्या नियमावलीत मनाई नसेल, तर आत्या आपला हक्क दुसऱ्याला देऊन काही वसूल करू शकते. हे तिला कोणी सांगतं का, हा प्रश्नच आहे.

तिसरी वाट प्रायव्हेट प्लेसमेंटची. एक बाहेरचा गुंतवणूकदार 80 रुपयांनी अडीच लाख शेअर घेतो. विशेष ठराव करायचा, नावानिशी देकार द्यायचा, पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यायचे, 60 दिवसांत शेअर वाटायचे. वाटपाचा फॉर्म PAS-3 भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. मागवाल्याने ॲडव्हान्ससाठी कितीही तगादा लावला, तरी!

आता हिस्से पाहा. भाऊ 32-32, आत्या 16, पाहुणा 20. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट, म्हणजे पडलेल्या मतांपैकी 75 टक्के मतं लागतात. काल दोघा भावांकडे 80 टक्के होते, आज 64.

नियमावली बदलायची, तर पाहुण्याला विचारा, नाहीतर आत्याच्या घरी जा.