वॉरंटी कार्डाच्या फोटोचा सारांश : चांदणीखाली काय दडलंय?

मंडळी, पडद्यावर वॉशिंग मशीनच्या वॉरंटी कार्डाचा फोटो आहे. नमुन्यादाखल आपणच तयार केलेलं कार्ड, पण छापा नेहमीचाच. वर ठळक अक्षरांत 'मोटरवर १० वर्षं वॉरंटी' आणि शेवटी बारीकशी चांदणी. तिची टीप मागच्या बाजूला तळाशी : २ वर्षांनंतर मोटरचा फक्त सुटा भाग मोफत, मजुरी आणि मेकॅनिकच्या भेटीचा खर्च ग्राहकाकडे. म्हणजे पाचव्या वर्षी मोटर फुकट मिळेल, तरी बिल येईलच. म्हणून सारांशात 'मोटर : १० वर्षं' एवढंच लिहू नका. 'पूर्ण मशीन २ वर्षं, भाग आणि मजुरीसह. पुढे दहाव्या वर्षापर्यंत मोटरचा केवळ भाग' असं लिहा. अट त्याच ओळीत हवी, वेगळी टाकली की ती कोणी वाचत नाही. शिवाय मोटर चालवणारं सर्किट वेगळा भाग आहे. ते जळलं तर या कार्डावर १० वर्षांचा काही उपयोग नाही.

काय वगळलंय, ती यादी लांबलचक असते. ती जशीच्या तशी उतरवण्यात अर्थ नाही. त्यातला एक फरक मात्र पाहाच. रबर, प्लॅस्टिक, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, विजेच्या चढउतारामुळे झालेलं नुकसान, यांत तेवढीच दुरुस्ती नाकारली जाते. पण बाहेरच्या मेकॅनिकनं मशीन उघडलं, धंद्यासाठी वापरलं किंवा सीरियल नंबरचा स्टिकर निघाला, तर या कार्डाप्रमाणे सगळीच वॉरंटी संपते. हा दुसरा गट वर आणि स्वतंत्र लिहा.

आता फोटोकडे या. कार्डाची घडी नेमकी एका आकड्यावरून गेलीय आणि फ्लॅशचा पांढरा डाग विक्रेत्याच्या शिक्क्यावर. तिथे अंदाजानं काही भरू नका, 'वाचता येत नाही' असं लिहा. शक्य असेल तर कार्ड सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात पुन्हा फोटो काढा. सीरियल नंबरात आठ आणि इंग्रजी बी, शून्य आणि ओ सहज गोंधळतात, तो मशीनवरच्या स्टिकरवरून ताडून घ्या.

पुराव्यात बिल पहिलं. थर्मल कागदावरची छपाई काळाच्या ओघात उडते, तेव्हा त्याचाही फोटो आजच काढा. मुदत खरेदीपासून की मशीन बसवल्यापासून, हे कार्डावर शोधा. इथे खरेदीपासून आहे. बिल १२ मार्च २०२४ चं धरलं, तर पूर्ण वॉरंटी ११ मार्च २०२६ ला संपते. सारांशात नुसतं 'दोन वर्षं' न लिहिता सोबत ही तारीखही लिहा.

दाव्याची रीत थोडक्यात : सेवा केंद्राला फोन, सीरियल नंबर, बिल, मग तक्रार क्रमांक. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत बिघाड झाला, तर मेकॅनिकच्या तारखेची वाट न पाहता आधी तक्रार नोंदवा आणि तो क्रमांक तारखेसह जपून ठेवा. मेकॅनिक मुदतीनंतर आला, तर बिघाड मुदतीतच कळवला होता हे दाखवायला तोच क्रमांक लागतो.