१८० मिनिटांची वाटणी

नमस्कार, श्रोतेहो.

आज मी इंदूरमधल्या त्या घरांशी बोलणार आहे जिथे कुणीतरी नीटची तयारी करतंय. मी गेली अनेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो. पण आज सूत्रं नाहीत. आज बोलायचंय ते दुपारी दोन ते पाच या वेळेबद्दल. प्रश्नपत्रिका उघडल्यावर कुठल्या विषयाला किती मिनिटं द्यायची आणि ती सवय घरच्या मॉक टेस्टमध्ये कशी लावायची, एवढंच.

आधी पेपर डोळ्यांसमोर आणू या. २०२५ पासून १८० प्रश्न आणि १८० मिनिटं आहेत. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५, जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. हिशोब दिसतो सोपा, प्रश्नाला एक मिनिट. हाच सरळ हिशोब मुलांना फसवतो. कारण जीवशास्त्राचा साधा प्रश्न वीस सेकंदांत होतो, आणि भौतिकशास्त्राचा एखादा अडीच मिनिटं खातो. शिवाय उत्तरपत्रिकेवरचे गोळेही याच वेळात भरायचे असतात.

गोळ्यांपासूनच सुरुवात करतो, कारण त्यांचा वेळ कुणी धरतच नाही. एक गोळा शोधून नीट काळा करायला साधारण पाच सेकंद लागतात. १८० गोळ्यांचे झाले ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं. जो मुलगा मोबाईलवर बोट लावून मॉक देतो, त्याच्या हिशोबात ही पंधरा मिनिटं नसतातच. परीक्षेच्या दिवशी ती अचानक समोर उभी राहतात. म्हणून मॉक कागदावर द्या. ओएमआरच्या कोऱ्या प्रती स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, आणि काळं बॉलपेन वापरा.

आता आमच्या लोकमान्य नगरातल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. मला काका म्हणते. अभ्यास चांगला, जीवशास्त्र तर पक्कं. जानेवारीत तिने पहिली पूर्ण मॉक दिली आणि संध्याकाळी रडवेली होऊन माझ्याकडे आली. ७२० पैकी ४२३. मी गुण बाजूला ठेवले आणि विचारलं, "कुठला विषय किती वाजता संपला?" तिला आठवेना. पण तिच्या आईने, चांगली गोष्ट, ओट्याजवळच्या घड्याळावर लक्ष ठेवलं होतं. त्यावरून आम्ही जुळवलं.

तिने छापलेल्या क्रमाने, म्हणजे भौतिकशास्त्रापासून सुरुवात केली होती. तिथे ८४ मिनिटं गेली. एकाच प्रश्नावर, घूर्णन गतीच्या, नऊ मिनिटं. रसायनशास्त्राला ५६ लागली. जीवशास्त्राला हात लावला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. नव्वद प्रश्न आणि चाळीस मिनिटं! सतरा प्रश्न न वाचताच राहिले. तेच सतरा प्रश्न तिने रात्री घड्याळ न लावता सोडवले. पंधरा बरोबर आले, दोन चुकले. म्हणजे ५८ गुण तिला येत असून ती टेबलावर सोडून आली होती. आणि ज्या प्रश्नापायी नऊ मिनिटं घालवली, तो चुकलाच होता.

म्हणून मी मुलांना क्रम असा सांगतो: आधी जीवशास्त्र, मग रसायन, शेवटी भौतिक. काही हुशार मुलं रसायनापासून सुरू करतात, तेही चालतं. पण भौतिकशास्त्र शेवटी असावं, याबद्दल मी आग्रही आहे. त्या विषयाला जितका वेळ द्याल तितका तो घेतो, कारण प्रत्येक गणित "आता सुटेलच" असं वाटत राहतं. तो शेवटी ठेवला की त्याला खायला दुसऱ्या कुणाचा वेळ उरत नाही.

वेळा मी घड्याळाच्या काट्यावर सांगतो, कारण परीक्षेत मनगटी घड्याळ नेता येत नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर करून बघायचं असतं, आणि त्या घाईत वजाबाक्या जमत नाहीत. मोठा काटा कुठे हवा तेवढं लक्षात ठेवायचं. दोनला सुरुवात. मोठा काटा अकरावर, म्हणजे दोन पंचावन्नला, जीवशास्त्र संपलं पाहिजे. नऊवर, म्हणजे पावणेचारला, रसायन. पुन्हा नऊवर, पावणेपाचला, भौतिक. पंचावन्न, पन्नास आणि साठ मिनिटं, गोळे भरण्यासकट. उरली पंधरा, ती कुणाच्याच नावावर नाहीत.

ही पंधरा मिनिटं का ठेवायची, ते आपल्या गावाला सांगायला नको. ४ मे २०२५ ला परीक्षेच्या वेळी इंदूरात वादळी पाऊस आला आणि काही केंद्रांवर वीज गेली. मुलं अंधुक उजेडात पेपर वाचत बसली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या मुलांचं फार वाईट वाटलं मला. एवढं संकट दरवर्षी येत नाही, पण खिडकीजवळचं बाक, सहीसाठी आलेला कागद, अशा गोष्टींत पाच-सात मिनिटं सहज जातात. शेवटच्या मिनिटापर्यंत आखणी करणाऱ्याचं सगळं गणित तेवढ्यानेच विस्कटतं.

मुलीने क्रम बदलून दुसरी मॉक दिली. या वेळी घड्याळाची नोंद पक्की ठेवली. जीवशास्त्राच्या दर तीस प्रश्नांनंतर प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने वेळ लिहायची, बस. पहिले तीस सतरा मिनिटांत, मधले तीस सत्तावीस मिनिटांत, शेवटचे तीस एकोणीस मिनिटांत. एकूण ६३. पंचावन्नपेक्षा आठ मिनिटं जास्त, आणि ती कुठे गेली ते कागदावरच दिसत होतं. मधल्या तिसात जोड्या लावा आणि विधान-कारणाचे प्रश्न भरले होते. ती जोड्यांचे चारही भाग पाठ म्हटल्यासारखे जुळवत बसायची. तिला म्हटलं, "अगं, चारही जोड्या जुळवायच्या नाहीत. एक पक्की माहीत असलेली जोडी धर आणि पर्यायांकडे बघ. बहुतेक वेळा दोन पर्याय तिथेच गळतात. मग दुसरी जोडी, आणि झालं." विधान-कारणात आधी दोन्ही विधानं वेगवेगळी खरी की खोटी ते ठरवायचं. एक जरी खोटं निघालं, तरी संबंधाचा विचार करण्यात वेळ घालवायचा नाही.

मग आठवड्याचे तीन दिवस तिने फक्त असल्या तीस प्रश्नांचा सराव केला, अठरा मिनिटांत, ओएमआरच्या गोळ्यांसकट. पूर्ण मॉक रविवारीच. हे मी मुद्दाम सांगतोय. अनेक मुलं रोज पूर्ण मॉक देतात आणि रोज तीच चूक करतात. वेळ कुठे गळतो ते एकदा दिसलं की तेवढाच तुकडा घोटायचा असतो.

गोळ्यांबद्दल अजून एक. जीवशास्त्रापासून सुरुवात करायची म्हणजे पहिला गोळा १ वर नाही, ९१ वर. पहिल्या मॉकमध्ये शेवटच्या घाईत तिची एक ओळ सरकली होती. काळा केलेला गोळा खोडता येत नाही. प्रत्येक प्रश्नानंतर गोळा भरला तर तंद्री मोडते, सगळे शेवटी भरायला ठेवले तर हात थरथरतो. म्हणून पानापानाने भरायचे. पानावरचे प्रश्न संपले की भरा, आणि पानाच्या शेवटच्या प्रश्नाचा आकडा गोळ्यासमोरच्या आकड्याशी जुळतो का ते बघा. ओळ सरकली असेल तर पानाच्या आतच सापडते.

आता माझा विषय. भौतिकशास्त्राची साठ मिनिटं दोन फेऱ्यांत. पहिली पंचवीस मिनिटांची. पंचेचाळीसही प्रश्न वाचायचे, पण दुसऱ्यांदा वाचताना ज्याचं सूत्र डोळ्यांसमोर येईल तेवढेच सोडवायचे. ज्याची वाट दिसते पण हिशोब लांब आहे, त्याच्या आकड्याभोवती गोल. ज्यात काहीच उमगत नाही, त्यावर फुली. दुसऱ्या फेरीत सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं फक्त गोलांसाठी, एकाला फार तर अडीच मिनिटं. उरलेला वेळ गोळ्यांचा. फुलीवाले प्रश्न त्या पंधरा मिनिटांत वेळ उरला तरच.

२०२५ चा भौतिकशास्त्राचा पेपर बराच अवघड होता. ज्यांनी "पंचेचाळीसपैकी चाळीस तरी" असं ठरवलं होतं, त्यांनी आकडा गाठायला मिनिटं ओढली. पेपर कठीण निघाला तर सुटणाऱ्या प्रश्नांची संख्या कमी होऊ द्या, मिनिटं वाढवू नका. कठीण पेपर तुमच्या एकट्यालाच कठीण नसतो.

एक मर्यादा सांगतो. मॉक सोपी असेल तर या वेळा खोट्या आत्मविश्वासाच्या ठरतात. म्हणून शेवटच्या महिन्यात खऱ्या जुन्या प्रश्नपत्रिका लावा. त्यातही जपून. २०२२ ते २०२४ मध्ये २०० मिनिटं होती आणि काही प्रश्न पर्यायी होते. ते पेपर जसेच्या तसे लावले तर तुमची चाल वीस मिनिटांनी सैल होते. २०१६ ते २०२० चे आणि २०२५ चा, हे १८० मिनिटांत १८० प्रश्नांचे. ते आधी घ्या. आणि दुपारी दोनलाच बसा. जेवण झालेलं, बाहेर उन्हाळा, डोळे जड, तशा वेळी चाल कशी राहते ते सकाळी आठला पोहे खाऊन बसल्यावर कळत नाही. आई-बाबांना एवढीच विनंती, त्या तीन तासांत चहा घेऊन खोलीत जाऊ नका.

त्या मुलीची चौथी मॉक फेब्रुवारीच्या शेवटी झाली. जीवशास्त्र ५६ मिनिटं, रसायन ५२, भौतिक ६०. चार अठ्ठेचाळीसला तिन्ही संपले होते. गुण ५१३. नव्वद वाढले, त्यातले काही मधल्या अभ्यासाचे, हे खरंच. पण जीवशास्त्रात न वाचलेला प्रश्न एकही नव्हता, आणि भौतिकशास्त्रात एकतीसऐवजी तीसच सोडवूनही पूर्वी ७९ होते ते ९५ झाले.

कागद दाखवायला आली तेव्हा तिने एका प्रश्नावर बोट ठेवलं. पुन्हा घूर्णन गती, उतारावरून घरंगळणारा गोल. आकड्यावर पेन्सिलीची फुली होती. म्हणाली, "काका, हा वाचला आणि सरळ पुढे गेले. उरलेल्या बारा मिनिटांत परत आले, चार मिनिटांत सुटला."

नमस्कार.