गप्प बसायला कोण शिकवतं?

नमस्कार मंडळी,

मेळाव्यात एखाद्या पुस्तकावर बोला, असा निरोप मला एप्रिलमध्येच आला होता आणि पुस्तकही ठरलं होतं. पण मे महिन्यात आम्ही कोल्हापूरला गेलो, तिथे एक गोष्ट घडली, आणि तेव्हापासून ते पुस्तक माझ्या डोक्यातून हललेलं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. 1971 ला पूर्व आघाडीवर होते. त्यांनी लढाईबद्दल घरात कधी चार वाक्यं सलग सांगितली नाहीत आणि आम्हीही कधी विचारलं नाही. यंदा माझ्या धाकट्यानं विचारलं. संध्याकाळी सगळे सोप्यात बसलो होतो. "आबा, तुम्हाला तिथे भीती वाटली होती का?" आबांनी त्याच्याकडे पाहिलं. ते काही बोलणार असं मला वाटलं, तेवढ्यात दादा मध्ये पडला. "मर्दा, सुभेदाराचा नातू तू, असलं विचारतात व्हय? शूर माणसं गप्प असतात." आबा उठले, चपला घातल्या आणि रंकाळ्याकडे फिरायला निघून गेले.

त्याच आठवड्यात धाकटा मामेभावांबरोबर तालमीत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीच्या लक्षात आलं की पोरगा डाव्या हातानं भाकरी मोडतोय. उजवं मनगट टम्म सुजलं होतं. एक्स-रे काढला, तर हाड मोडलेलं. आदल्या संध्याकाळी पडला होता. रात्रभर शेजारी झोपून त्यानं मला उठवलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "आबा कुठे सांगतात?"

इथे परदेशात वाढलेलं, पडलं की सगळं घर डोक्यावर घेणारं हे पोर. त्याला गप्प राहायला आठवडासुद्धा लागला नाही. पुरुष मुळातच कमी बोलतात, तो त्यांचा स्वभाव असतो, असं आपण म्हणतो ना? मी तो स्वभाव माझ्या डोळ्यांसमोर तयार होताना पाहिला.

आता पुस्तकाकडे वळते. पॅट बार्कर या इंग्रज लेखिकेची 1991 ची कादंबरी, 'रीजनरेशन'. काळ 1917 चा, जागा आपल्या एडिंबराच्या कडेचं क्रेगलॉकहार्ट. पहिल्या महायुद्धात मनानं कोसळलेल्या अधिकाऱ्यांसाठी तिथे लष्करी इस्पितळ होतं. आता त्याच वास्तूत नेपियर विद्यापीठाचं आवार आहे, तुमच्यापैकी कित्येकांनी ती पाहिली असेल. कादंबरीतले डॉक्टर रिव्हर्स खरे होते. तेच रिव्हर्स, जे युद्धाआधी आपल्याकडे निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहून त्यांच्यावर ग्रंथ लिहून गेले. कवी ससून खरा, कवी ओवेन खरा. बिली प्रायर मात्र लेखिकेनं रचलेला आहे, आणि मला आज बोलायचंय ते मुख्यतः त्याच्याबद्दल.

प्रायर इस्पितळात येतो तो मुका होऊन. घशाला, जिभेला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी काही विचारलं की वहीवर मोठ्या अक्षरांत लिहितो, मला आठवत नाही. रिव्हर्सना यात एक गोष्ट खटकते. त्यांच्या अनुभवात वाचा जाते ती साध्या शिपायांची. अधिकारी मुके होत नाहीत, ते अडखळतात, तोतरे होतात. त्यांचं म्हणणं असं, की माणूस मुका होतो तेव्हा त्याला काहीतरी बोलायचं असतं, आणि बोललो तर आपलं काही खरं नाही हेही त्याला ठाऊक असतं. शिपायानं तोंड उघडलं तर शिक्षा, म्हणून शरीरच तोंड बंद करतं. प्रायर अधिकारी आहे खरा, पण कामगारवस्तीतून वर आलेला. पट्टा अधिकाऱ्याचा आणि आजार शिपायाचा. आणि रिव्हर्स स्वतः थोडे अडखळत बोलतात, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. तो ते त्यांना तोंडावर सुनावतो.

मला हा भाग फार मोलाचा वाटतो. गप्प राहणं जर पुरुषाच्या रक्तातच असतं, तर ते हुद्दा बघून बदललं नसतं. कोण मुका होणार आणि कोण अडखळणार हे जर छावणीतली उतरंड ठरवत असेल, तर ते मौन बाहेरून आत गेलेलं आहे.

प्रायरला काय आठवत नसतं ते पुढे संमोहनाखाली बाहेर येतं. खंदकात सकाळी दोन जवान चहा करताहेत, डुकराचं मांस परततायत. प्रायर त्यांच्याशी बोलून चार पावलं पुढे जातो आणि मागे तोफगोळा पडतो. जे उरलं ते फावड्यानं पोत्यात भरायचं काम त्याच्यावर येतं. ते तो नीट करतो. काम संपत आलेलं असताना पायाखालच्या फळ्यांमधून त्याच्याकडे एक डोळा बघत असतो. तो उचलून तळहातावर घेतो आणि पोरांच्या चघळायच्या गोळीचं नाव घेऊन विचारतो, हिचं आता मी काय करू? सोबतचा माणूस तो त्याच्या हातातून काढून पोत्यात टाकतो. त्यानंतर प्रायरचा जबडा बधिर होतो आणि वाचा जाते.

हे आठवल्यावर तो काय म्हणतो? "एवढंच?" त्याला वाटत होतं, आपण काहीतरी भयंकर केलं असणार, आपल्या चुकीनं माणसं मेली असणार. म्हणजे घाबरण्यापेक्षा गुन्हेगार असणं त्याला सोपं होतं. गुन्ह्याला लष्करात जागा आहे, नियम आहे, शिक्षा आहे. किळस आणि भीती यांना कुठे जागाच नाही. मग तो रिव्हर्सचे दंड पकडून त्यांच्या छातीवर डोकं आपटत राहतो, जोरजोरात, दुखेल इतकं. लेखिका सांगते, तो हल्ला नव्हता. मला जवळ घ्या, असं म्हणायला त्याला एवढंच जमत होतं. हे वाचलं तेव्हा मला आपल्या तालमी आठवल्या. आपल्याकडे वाढलेल्या पुरुषांनी एकमेकांना घट्ट धरलेलं मी लाल मातीतच पाहिलं, तेही पाडण्यासाठी.

आता भीतीबद्दल. रिव्हर्स एक हिशेब मांडतात, तो ऐकण्यासारखा आहे. सगळ्या दलांमध्ये मनानं कोसळण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं ते फुग्यांत टांगून घेऊन शत्रूची टेहळणी करणाऱ्यांचं. विमान चालवणाऱ्यांचं नव्हे. वैमानिकालाही मृत्यू समोर दिसतो, पण त्याच्या हातात काहीतरी असतं, तो वळतो, लढतो. फुग्यातला माणूस नुसता लटकत राहतो आणि वाट बघतो. खंदकातल्या माणसाचंही तेच. पराक्रम गाजवायला म्हणून बोलावलेली पोरं महिनोन् महिने चिखलात बसून गोळा कधी पडतो याची वाट बघत राहिली. इथून रिव्हर्स पुढचं पाऊल टाकतात. हिस्टेरिया तोवर बायकांचा रोग मानला जायचा. बायकांचा का, तर शांततेच्या काळात असं कोंडलेलं, हातपाय बांधलेलं आयुष्य बायकांच्याच वाट्याला यायचं. पुरुषांना त्याच अवस्थेत टाकलं, पुरुषांनाही तेच झालं. भित्रेपण बाईचं आणि धीर पुरुषाचा, ही वाटणी तिथे उघडी पडते.

कादंबरीत दुसराही एक डॉक्टर आहे, यीलंड. तोही खरा, लंडनच्या इस्पितळातला. मॉन्सपासून पुढच्या बहुतेक मोठ्या लढाया पाहिलेला कॅलन नावाचा शिपाई मुका होऊन त्याच्याकडे येतो. यीलंड दाराला कुलूप लावतो आणि घशाला विजेचे झटके देत राहतो. बोलल्याशिवाय इथून सुटका नाही. शिपाई अखेर बोलतो. रिव्हर्स हे बघतात आणि नंतर त्यांना त्याचंच भयंकर स्वप्न पडतं. यीलंडनं ज्याला बोलतं केलं त्याला परत आघाडीवर धाडायचं होतं, आणि आपण प्रेमानं, धीरानं ज्यांना बोलतं करतो त्यांनाही तिथेच धाडायचंय. ससूनचं तर याच्याही पुढचं. शौर्यपदक मिळवलेला माणूस, हे युद्ध उगाच लांबवलं जातंय असं जाहीर लिहितो. त्याला तुरुंगात टाकायला नको म्हणून आजारी ठरवतात. शेवटी तो आपणहून परत जातो, कारण त्याची माणसं तिथे मरताहेत आणि तो इथे सुरक्षित आहे, हे त्याला सोसत नाही. कर्तव्य असं माणसावर मायेच्या वाटेनंच चढतं. ओवेनही परत गेला. 4 नोव्हेंबर 1918 ला मारला गेला, युद्ध संपायला आठवडा राहिला असताना.

दादाला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बोलत बसलं सगळं गाव, तर सीमेवर उभं कोण ऱ्हाणार?" हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, जिथे घराघरातून माणूस फौजेत जातो, त्या घरांचा प्रश्न आहे तो. आणि प्रायर रचलेला आहे हेही खरं. एक बाई 1991 मध्ये बसून 1917 च्या पुरुषाला घडवते, तेव्हा ती त्याच्याकरवी आपलंही काही बोलून घेते. पण रिव्हर्सनी डिसेंबर 1917 मध्ये खरोखरच एक व्याख्यान दिलं होतं, आणि त्यात त्यांचा अनुभव हाच होता: घरच्यांनी आणि डॉक्टरांनी 'विसर, मनातून काढून टाक' असं सांगितलेली माणसं दिवसभर ते दाबत आणि रात्री तडफडत. आठवणीकडे बघायची मुभा मिळाली की पुष्कळांना झोप लागू लागली. म्हणजे गप्प बसवल्यानं सैनिक कणखर होतो, हे त्या डॉक्टरांना तरी दिसलं नाही.

आणि आपण इथे सातासमुद्रापार काय करतो? मंडळी, रागावू नका, पण शिवजयंतीच्या नाटुकल्यात आपण मुलग्यांना काय देतो ते एकदा आठवा. मुलगे ललकारी देतात आणि मरतात. रडणं सगळं मुलींकडे. एका मुलाला मरताना आई आठवते, असं वाक्य गेल्या वर्षी एका ताईंनी लिहिलं होतं. तालमीच्या दिवशी ते कापलं गेलं, पोरगं हळवं वाटतं म्हणून. समोर बसलेल्या लहानग्यांनी त्यातून जे घ्यायचं ते घेतलं. मनगट मोडून रात्रभर गप्प पडून राहणारं पोर एका मामाच्या एका वाक्यानं घडत नाही. त्याच्या आधी आपण सगळ्यांनी बराच हात लावलेला असतो.

आबांचं मात्र मला उमगत नाही. त्यांचं मौन त्यांच्यावर कुणी लादलं, की इतक्या वर्षांत ते त्यांचं स्वतःचं झालं? ते उघडायचा मला हक्क आहे का? परवा फोनवर धाकट्यानं प्लास्टर निघाल्याचं सांगितलं, तर आबांनी त्याला विचारलं, "लई दुखलं का रं?" तो "हो" म्हणाला. आबा पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

पुढच्या शिवजयंतीचं नाटुकलं समितीनं यंदा माझ्याकडे सोपवलंय. खिंडीतला प्रसंग आहे, दहा-बारा वर्षांची मुलं आहेत. लढाईच्या आदल्या रात्री दोन मावळे पहाऱ्यावर बसलेत, इथवर लिहून झालंय. त्यांतल्या एकाला भीती वाटतेय. तो ती दुसऱ्याला कोणत्या शब्दांत सांगेल, आणि दुसरा त्याला काय म्हणेल, ते मला अजून लिहिता आलेलं नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात फौजेतलं माणूस आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी बोलावं.