सोशल मीडिया सोडताना काय लिहायचं, तेही कुणाला टोमणा न मारता

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. अकाउंट बंद कसं करायचं हे विचारणारे आता कमी झालेत. आता कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरतोय: "ताई, बंद करायचं ठरलंय, पण जाताना चार ओळी लिहायच्या तर काय लिहू? काही लिहिलं की भाषण वाटतं." अगदी बरोबर आहे. भाषणच होतं ते. तर आज फक्त त्या चार ओळी.

तांत्रिक भाग पटकन उरकते. फक्त ॲप काढलंत तर प्रोफाइल जागेवर राहतं, लोक मेसेज पाठवत राहतात आणि तुम्हाला कळत नाही. मग निरोपाची ओळ बायोमध्ये हवी. इन्स्टाग्रामच्या बायोत १५० अक्षरचिन्हं मावतात, म्हणजे दोन छोटी वाक्यं. अकाउंट तात्पुरतं बंद केलंत तर प्रोफाइल, पोस्ट, बायो सगळंच दिसेनासं होतं. तुम्ही निरोपाची पोस्ट टाकून पाच मिनिटांत अकाउंट बंद केलंत तर ती पोस्टही तुमच्याबरोबर गेली! तेव्हा आधी पोस्ट टाका, तीन-चार दिवस राहू द्या, मग बंद करा. नुसती स्टोरी टाकू नका, ती २४ तासांत जाते. कायमचं डिलीट केलंत तर फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे ३० दिवसांत परत येता येतं. आणि हो, दुसऱ्या कुठल्या ॲपमध्ये तुम्ही फेसबुकने लॉगिन करत असाल तर ते आधी बदला. नाहीतर तिथे लॉगिन केलं की बंद केलेलं अकाउंट आपोआप चालू होतं, आणि लोक विचारतात, "आलास का परत?"

झालं. आता मजकूर.

एका दादांनी मसुदा पाठवलाय. नाव काढून, त्यांच्या परवानगीने दाखवतेय.

[स्क्रीनवर]
"मित्रहो, या आभासी जगात आपण सगळेच हरवून गेलो आहोत. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला कुणाला वेळ नाही. म्हणून मी खऱ्या जगात परततोय. ज्यांना माझी किंमत आहे ते फोन करतीलच. निरोप घेतो."

[कॅमेऱ्यासमोर]

दादा मनाने चांगले आहेत, हे मेसेज वाचून कळलं. त्यांना कुणालाही बोल लावायचा नव्हता. पण पाचपैकी चार वाक्यांत लावलाय. कुठे ते बघू.

पहिलं वाक्य. "आपण सगळेच हरवून गेलो आहोत." या "आपण"चा मोठा घोळ आहे. लिहिणाऱ्याला वाटतं, मी स्वतःलाही धरलं, म्हणजे नम्रपणा झाला. पण वाचणाऱ्याला कुणी विचारलं का, बाबा, तू हरवलायस का? सोपी युक्ती सांगते. मसुदा कागदावर उतरवा आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. मग विचारा, हे करतंय कोण? "मी" असेल तर ठेवा. "आपण", "लोक", "हल्ली सगळे", "कुणाला" असेल तर काट मारा. दुरुस्त करत बसू नका, सरळ काढा. तुम्हाला सांगायचंय ते उरलेल्या वाक्यांत आलेलंच असतं.

आता तेच दुसऱ्या बाजूने. "खऱ्या जगात परततोय." इथे कर्ता "मी" आहे, म्हणजे पहिल्या चाळणीतून वाक्य सुटलं. पण "खऱ्या" हा शब्द बघा. तुमचं जग खरं, तर वाचणारा कुठे बसलाय? तुमच्या यादीत एखादी भाची असेल, जिच्या केकच्या सगळ्या ऑर्डरी इन्स्टाग्रामवरून येतात. एखाद्या काकू असतील, ज्यांचा नातू न्यू जर्सीत आहे आणि तो रांगायला लागला हे त्यांनी फेसबुकवरच पाहिलं. त्यांच्यासाठी ते खरंच आहे की! म्हणून दुसरी चाळणी विशेषणांची. खरं, खोटं, आभासी, पोकळ, दिखाऊ, वेळखाऊ. हे शब्द जागेबद्दल असले तरी लागतात त्या जागेत बसलेल्या माणसांना. "मुक्त झालो", "सुटलो" हेही त्यातलेच.

आणि तिसरी बाजू. ही मी मुद्दाम शेवटी ठेवलीय, कारण पहिल्या दोन चाळण्यांतून जे निसटतं ते इथे सापडतं. यादीतली तीन माणसं निवडा. एक, जी तुमच्या प्रत्येक फोटोला लाइक देते. दुसरं, ज्याचा धंदाच तिथे आहे. तिसरं, ज्याने काल-परवा स्वतःची काहीतरी मोठी बातमी टाकली. आता मसुदा मोठ्याने वाचा, त्या माणसाच्या समोर उभे राहून वाचताय असं समजून. जिथे आवाज खाली जाईल किंवा "तुझ्याबद्दल नाही हं" असं जोडावंसं वाटेल, ते वाक्य काढायचं.

"ज्यांना माझी किंमत आहे ते फोन करतीलच" हे वाक्य याच परीक्षेत नापास होतं. यात उघड टोमणा कुठेच नाही. पण ही परीक्षा आहे, आणि जो फोन करणार नाही तो आधीच नापास ठरलाय. प्रत्यक्षात काय होतं? शाळेतल्या मित्राकडे तुमचा नंबरच नसतो. असला तर तो जुना असतो. फोन केव्हा केलेला चालेल ते त्याला माहीत नसतं, म्हणून तो करत नाही. इथे प्रेमाचा प्रश्न नाहीये हो, नंबर आणि वेळेचा आहे. ते लिहा. मात्र नंबर सार्वजनिक पोस्टमध्ये टाकू नका. "नंबर हवा असेल तर अमुक तारखेपर्यंत मेसेज करा" एवढं पुरे.

मागच्या व्हिडिओखाली एकांनी लिहिलं, "मग कारण सांगूच नये का? नुसतं 'येत नाही' हे तुसडं वाटतं." कारण जरूर सांगा, पण डोळ्यांना दिसेल असं सांगा. "मला वर्तमानात जगायचंय", "सजगतेच्या वाटेवर निघालोय" यातून काही कळत नाही, आणि ऐकणाऱ्याला उगीच वाटतं की आपण बेसावध आहोत. लक्ष कुठे तुटतं ते नेमकं एक ठिकाण सांगा. मी दादांना विचारलं, नक्की काय होतं? ते म्हणाले, मुलगी शाळेतलं काहीतरी सांगत असते, मी हं-हं करतो, आणि ती म्हणते, "बाबा, मी काय म्हणाले सांगा बरं." बस. हीच ओळ. यात उपदेश करायला जागाच नाही, कारण प्रसंग त्यांच्याच घरातला आहे.

[स्क्रीनवर]
"नमस्कार. येत्या १ तारखेपासून फेसबुक आणि इन्स्टाग्राम बंद ठेवतोय. मुलगी काही सांगत असते आणि माझं अर्धं लक्ष फोनमध्ये असतं. ते पूर्ण तिच्याकडे हवंय. इथे तुमचे फोटो, प्रवास, बागा बघायला मजा आली. यापुढच्या बातम्या मला इथून कळणार नाहीत, तेव्हा लग्न, बारसं, काही अडचण असेल तर फोन करा. संध्याकाळी ७ नंतर मी निवांत असतो. नंबर नसेल तर ३० तारखेपर्यंत मेसेज टाका."

[कॅमेऱ्यासमोर]

"मजा आली" ही ओळ बघा. ती शिष्टाचारासाठी नाहीये. जिथे मजा आली ती जागा वाईट असं वाचणाऱ्याला वाटत नाही, त्यामुळे आधीच्या कारणाला धार राहत नाही. पण खरी असेल तरच लिहा, आणि कशात मजा आली तेही लिहा. आणखी एक, "कायमचा" हा शब्द यात नाही. दोन महिन्यांनी कामासाठी परत यावं लागलं तर खुलासे द्यायला नकोत.

आता व्हॉट्सॲपचा फॅमिली ग्रुप. कमेंटमध्ये सगळ्यात जास्त धास्ती याची आहे, आणि ती रास्त आहे. गुड मॉर्निंगची फुलं नकोशी झाली तरी ग्रुप सोडला की आत्याला लागतं. तुम्ही ग्रुप सोडलात तर सूचना फक्त ॲडमिनला जाते. पण ६० दिवस बाकीच्यांना सोडून गेलेल्यांची यादी बघता येते, म्हणजे गुपचूप असं काही नाही. शिवाय कुणी गेलं तर अंत्ययात्रेची वेळ आजकाल त्याच ग्रुपवर येते. तेव्हा माझं मत, सोडू नका. ग्रुप अर्काइव्ह करा. अर्काइव्ह केलेल्या ग्रुपची सूचना वाजत नाही, पण कुणी @ लावून तुमचं नाव टाकलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर येते. हे माहीत असलं की ओळ आपोआप सुचते:

"ग्रुपवर रोज बघणं जमत नाहीये. काही तातडीचं असेल तर @ लावून माझं नाव टाका, लगेच बघीन. बाकीचं रविवारी वाचतो."

यात "खूप मेसेज येतात" असं नाही, "फॉरवर्ड थांबवा" असं नाही. आणि "रविवारी वाचतो" लिहिलंत तर रविवारी खरंच वाचा आणि एखाद्या फोटोला उत्तर द्या, नाहीतर पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवणार नाही. ग्रुप सोडायचाच असेल तर आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला फोन करा. "आत्या, मी ग्रुपमधून बाहेर पडतोय, रुसलो वगैरे नाही. तुला दर आठवड्याला फोन करीन." ग्रुपवर मेसेज नंतर. उलट क्रमाने केलंत की आधी तर्क सुरू होतात, जमिनीचा वाद, सुनेचं काहीतरी. तुम्हाला माहितीये आपली घरं.

आणि शेवटचं, हे कुणी विचारलेलं नाही पण घसरण इथेच होते. पोस्ट छान लिहिली, सगळे खूश. मग महिन्याभराने लग्नात मावसबहीण विचारते, "माझे केरळचे फोटो पाहिलेस ना?" आणि तुम्ही म्हणता, "नाही गं, मी आता ते बघतच नाही." झालं! पोस्टमधून काढलेला टोमणा तोंडाने परत आला. "आता" आणि "च", दोन्ही लागतात. त्याऐवजी म्हणा, "नाही पाहिले. आहेत का फोनमध्ये? दाखव ना." मग ती फोन काढेल, आणि तुम्ही तिच्या शेजारी बसून सगळे फोटो बघायचे, मुन्नारचे, होडीचे, जेवणाचे. तिचं बोलणं मध्येच तोडून स्वतःच्या निर्णयाची माहिती द्यायची नाही. तिने विचारलं, "का बंद केलंस?" तर तीच मुलीची ओळ, एका दमात, आणि मग परत फोटोंकडे.

तुमचे मसुदे कमेंटमध्ये टाका, फोन नंबर काढून. "आपण"वर काट मारूनच टाका, नाहीतर मी मारणार आहे.