पहिल्या प्रतिजैविकाआधीच्या तीन सुया
(मुंबईत फॅमिली डॉक्टर आणि निवासी डॉक्टरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, हृदयाच्या झडपेवरच्या जंतुसंसर्गाबद्दल, म्हणजे इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिसबद्दल बोलताना लोक बहुधा इकोपासून सुरुवात करतात. मी आज रक्ताच्या बाटलीपासून सुरू करतो. मुंबईत हे निदान हातातून निसटतं ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर.

एक रुग्ण डोळ्यांसमोर ठेवू. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. छत्तीस वर्षांचा, कल्याणचा, शिवणकाम करणारा माणूस. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेला आणि मायट्रल झडपेतून गळती असल्याचं माहीत असलेला. पावसाळा संपता संपता त्याला ताप सुरू झाला. मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, पण विडाल पॉझिटिव्ह. म्हणून टायफॉइड समजून सेफिक्झिम दिलं. ताप उतरला आणि गोळ्या संपल्यावर आठवड्याभरात परत आला. दुसरीकडे पाच दिवस सेफ्ट्रायाक्झोनची इंजेक्शनं झाली. पुन्हा तीच कथा. आमच्याकडे आला तेव्हा पाचवा आठवडा चालू होता, वजन घटलं होतं आणि तोपर्यंत एकाही डॉक्टरने ब्लड कल्चर पाठवलं नव्हतं.

झडपेचा दोष माहीत असलेल्या माणसाचा ताप प्रतिजैविकाने उतरतो आणि औषध थांबलं की परततो, तेव्हा एंडोकार्डायटिसचा विचार आधी करायचा. अर्धवट उपचाराने झडपेवरचे जंतू मरत नाहीत, पण रक्तात सापडणार नाहीत इतके कमी होतात. ताप तेवढ्यापुरता दबतो आणि निदानाचा पुरावाही दबतो.

आता निकषांकडे येतो. ड्यूक विद्यापीठातल्या गटाने 1994 साली ते मांडले, 2000 साली ते सुधारले गेले आणि 2023 साली त्यांत पुन्हा बदल झाले. दोन मुख्य निकष, किंवा एक मुख्य आणि तीन गौण, किंवा पाच गौण निकष असतील तर निदान निश्चित. एक मुख्य आणि एक गौण, किंवा तीन गौण असतील तर शक्यता. आमच्या रुग्णाला 38.4 अंश ताप होता, तो एक गौण निकष. जुना झडपदोष हा दुसरा. दोन गौण निकषांवर 'शक्यता'सुद्धा बसत नाही. छातीवरून केलेल्या इकोत झडपेचे पडदे जाड दिसले, पण संधिवातात ते तसेही जाड होतात. म्हणून अन्ननलिकेतून इको केला. मायट्रलच्या पुढच्या पडद्यावर, अलिंदाच्या बाजूला, 13 मिलिमीटरची हलती गाठ, म्हणजे व्हेजिटेशन दिसलं. एक मुख्य निकष मिळाला, पण तरीही निदान 'शक्यता' एवढ्यावरच थांबलं. कोणता जंतू आणि कोणतं औषध, हे अजून माहीतच नव्हतं. (संशय दाट असेल आणि हा इको स्वच्छ आला, तर पाच-सात दिवसांनी तो पुन्हा करा.)

प्रकृती स्थिर होती. रक्तदाब चांगला, हृदय निकामी झाल्याची लक्षणं नाहीत. म्हणून दोन दिवस एकही प्रतिजैविक न देता थांबलो आणि मग कल्चर घेतले. अशी वाट फक्त स्थिर रुग्णातच पाहता येते. सेप्सिस असेल किंवा धाप वाढत असेल तर एका तासाच्या आत तीन सेट घ्या आणि लगेच औषध सुरू करा.

तीन सेट म्हणजे तीन वेगवेगळ्या जागी, तीन वेगवेगळ्या सुया. प्रत्येक सेटमध्ये एक एरोबिक आणि एक अ‍ॅनारोबिक बाटली, आणि प्रत्येक बाटलीत साधारण 10 मिलिलीटर रक्त. एवढं रक्त का, असं नातेवाईक विचारतात आणि निवासी डॉक्टरही विचारतात. या आजारात एका मिलिलीटर रक्तात जेमतेम काही जंतू असतात. तीन मिलिलीटर भरलेली बाटली निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबता येत नाही. माझ्या मते आपल्याकडची सर्वांत मोठी चूक रक्ताच्या प्रमाणातच होते, तंत्रातल्या बाकी चुका त्यामानाने कमी.

ताप चढण्याची वाट पाहू नका. झडपेवरून जंतू रक्तात सतत सुटत असतात, त्यामुळे कोणतीही वेळ चालते. दोन सेटमध्ये किमान अर्धा तास जाऊ द्या. त्वचेला अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन लावा, ते पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतर शीर बोटाने पुन्हा चाचपू नका. बाटलीचं रबरी बूच टोपी काढली म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही, तेही अल्कोहोलने पुसा. बटरफ्लाय सुई असेल तर एरोबिक बाटली आधी भरा, कारण नळीतली हवा तिच्यात गेली तरी चालते. सिरिंजने घेतलं तर उलट, अ‍ॅनारोबिक आधी. सेंट्रल लाइनमधून रक्त घेऊ नका, आणि बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू नका.

वेगळ्या सुयांचं कारण निकाल वाचताना कळतं. सहापैकी एकाच बाटलीत त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस वाढला तर तो बहुधा सुईबरोबर आत गेलेला असतो. तोच जंतू तिन्ही जागांहून वाढला तर तो रक्तातच आहे. एकाच सुईने सहा बाटल्या भरल्या तर हा फरक कळतच नाही. 2023 च्या निकषांनी वेगळ्या सुयांची आणि ठरावीक अंतराची अट काढली आहे, तरी मी ती पाळायला सांगतो.

आमच्या रुग्णाच्या सहाही बाटल्यांत स्ट्रेप्टोकोकस सँग्विनिस वाढला. तोंडातला, दातांच्या मुळाशी राहणारा जंतू. दोन मुख्य निकष झाले, निदान निश्चित झालं आणि रोज 2 ग्रॅम सेफ्ट्रायाक्झोन सुरू झालं. तेच औषध, पण आता जंतूची संवेदनशीलता माहीत होती आणि मुदत चार आठवड्यांची होती. दर एक-दोन दिवसांनी कल्चर पुन्हा घेत राहिलो, ते स्वच्छ येईपर्यंत.

चौथ्या दिवशी डाव्या बरगडीखाली कळ आली. सीटीमध्ये प्लीहेचा पाचरीसारखा तुकडा रक्ताविना मेलेला दिसला. गाठीचा कण सुटून तिथे जाऊन बसला होता.

शस्त्रक्रिया तीन कारणांसाठी करायची. झडप फाटून हृदय निकामी होत असेल, तर आणीबाणी म्हणून 24 तासांतसुद्धा. संसर्ग आटोक्यात येत नसेल, म्हणजे गळू, बुरशी किंवा आठवडाभर योग्य औषध देऊनही कल्चर पॉझिटिव्ह, तर. (महाधमनीच्या झडपेच्या रुग्णाचा ईसीजी रोज काढा. पीआर लांबू लागला तर मुळाशी गळू झालं असण्याची शक्यता आहे.) तिसरं कारण आमच्या रुग्णाचं: योग्य औषध चालू असताना कण सुटला आणि उरलेली गाठ 10 मिलिमीटर किंवा अधिक आहे. पुन्हा इको केला तेव्हा ती 12 मिलिमीटर होती.

नातेवाईकांचं म्हणणं होतं, ताप उतरलाय, औषधाचा कोर्स होऊ द्या, मग बघू. हे समजण्यासारखं आहे. पण कण सुटण्याचा धोका पहिल्या दोन आठवड्यांतच सर्वाधिक असतो, आणि पुढचा कण मेंदूत जाऊ शकतो. मेंदूत रक्तस्राव झालेला असता तर साधारण महिनाभर थांबावं लागलं असतं, म्हणून आधी मेंदूचा स्कॅन केला. तो स्वच्छ होता. दुसऱ्या दिवशी सर्जनने छाती उघडली. पडद्याला छिद्र पडलेलं होतं, दुरुस्ती शक्य नव्हती, यांत्रिक झडप बसवली.

काढलेल्या झडपेचा तुकडा कल्चरला पाठवायला विसरू नका. त्यात जंतू वाढला तर प्रतिजैविकाचे चार आठवडे शस्त्रक्रियेपासून पुन्हा मोजायचे. वाढला नाही तर ते प्रभावी औषधाच्या पहिल्या दिवसापासूनच मोजायचे. त्याच्या झडपेत काही वाढलं नाही. उरलेली इंजेक्शनं त्याने कल्याणला, घराजवळच्या डॉक्टरांकडे घेतली.