‘मीटर पळतंय’ इंग्रजीत कसं सांगायचं?

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू राहतात. घरात एकट्याच. दोन खोल्या, एक पंखा, एक छोटा फ्रीज, संध्याकाळी टीव्ही. महिन्याला त्यांचं लाईट बिल साठ-पासष्ट युनिटांचं येतं, कधी सत्तरच्या वर गेलेलं मी पाहिलं नाही. मार्चमध्ये बिल आलं ते ५१३ युनिटांचं. काकू बिल हातात घेऊन जिन्यावरच बसल्या होत्या.

त्यांनी स्वतःच्या हातानं वहीच्या पानावर तक्रार लिहिली होती. छान, वळणदार अक्षर. मजकूर असा: “महोदय, माझे मीटर फार जोरात पळत आहे. अवाच्या सवा बिल आले आहे. मी एकटी बाई एवढी वीज कुठे जाळणार? तरी कृपया बिल माफ करावे.” हे वाचून मराठी माणसाला काकूंचं दुखणं लगेच समजतं. पण तक्रार टाकायची होती वीज कंपनीच्या पोर्टलवर. काकूंच्या फोनवर त्या चौकटीत देवनागरी टंकलं की नुसती प्रश्नचिन्हं उमटत होती, म्हणून त्यांच्या भाच्यानं मजकुराचं इंग्रजी केलं. मुलगा हुशार आहे, इंग्रजीही चांगलं आहे त्याचं. त्यानं लिहिलं, ‘माय मीटर इज रनिंग व्हेरी फास्ट, प्लीज वेव्ह ऑफ द बिल.’ शब्दाला शब्द बरोबर.

चार दिवसांनी उत्तर आलं. मीटर तपासणीसाठी अर्ज करा, तपासणीचं शुल्क भरा. आणि खाली, तक्रार बंद.

मी भाषांतराचं काम करते. ते उत्तर वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की घोटाळा त्या एका शब्दात आहे. आपण मराठीत ‘मीटर पळतंय’ म्हणतो तेव्हा आपल्याला एवढंच सांगायचं असतं की बिल वापराच्या मानानं जास्त आलंय. रिक्षात बसल्यावरही आपण तेच म्हणतो. पण वीज कंपनीच्या इंग्रजीत ‘मीटर फास्ट’ हा नेमका तांत्रिक आरोप आहे. त्याचा अर्थ, मीटर खऱ्या वापरापेक्षा जास्त युनिट मोजतंय, म्हणजे यंत्रातच दोष आहे. असा आरोप आला की पुढची वाट ठरलेली: मीटर काढायचं, तपासायचं, आणि ते ठीक निघालं की ग्राहकाची तक्रार चुकीची. काकूंचं मीटर अगदी ठीक होतं. ते पळत नव्हतं, चालतही हळूच होतं. चूक कुठे होती ते सांगते.

बिलावर दोन आकडे असतात, मागील रीडिंग आणि चालू रीडिंग. काकूंच्या बिलावर मागील रीडिंग ४३१८ आणि चालू रीडिंग ४८३१ होतं. वजाबाकी केली की ५१३. मी काकूंना म्हटलं, चला, आधी मीटर बघू. जिन्याखालच्या पेटीत टॉर्च धरला. हल्लीच्या मीटरवर पडदा दर काही सेकंदांनी बदलतो. कधी तारीख दिसते, कधी वेळ, कधी कमाल मागणी. आपल्याला हवा असतो तो आकडा, ज्याच्या बाजूला kWh असं दिसतं. तो आला, तेव्हा पडद्यावर होतं ४३९९.

आता ताळा करा. बिलासाठी रीडिंग घेतलं सहा तारखेला, असं बिलावरच छापलेलं होतं. आम्ही मीटर पाहिलं पंधरा तारखेला. सहा तारखेला ४८३१ असेल, तर नऊ दिवसांनी ४३९९ कसं असेल? मीटर मागे जात नाही. उलट सहा तारखेला ते ४३८१ होतं असं धरा, तर नऊ दिवसांत १८ युनिट झाले, रोजचे दोन. काकूंचा वापर बरोबर तेवढाच. आणि महिन्याचे होतात ६३ युनिट, नेहमीसारखे. ४३८१ लिहिताना मधल्या तीन आणि आठ या अंकांची अदलाबदल होऊन ४८३१ झालं होतं. काही बिलांवर मीटरचा फोटो छापलेला असतो, इथेही होता, पण इतका काळा की अंक दिसतच नव्हते.

ही चूक साडेचारशे युनिटांची. पण रकमेत ती त्याहूनही मोठी होते. आपल्या राज्यात घरगुती विजेचे दर साधारणपणे १००, ३०० आणि ५०० युनिटांना टप्प्यानं चढतात. शंभरच्या आत राहणारी काकू या एका चुकीनं सगळे टप्पे ओलांडून सर्वात वरच्या दरात जाऊन बसली. म्हणूनच तक्रारीत रुपयांबद्दल बोलण्यापेक्षा युनिटांबद्दल बोलावं. रुपये खूप वाटतात असं लिहिलं तर ती तुमची भावना ठरते. वजाबाकी चुकीची आहे असं लिहिलं की ती समोरच्याला तपासावीच लागते.

मग मी काकूंची तक्रार पुन्हा लिहायला घेतली, आणि आधी मराठीतच. या कामात हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मराठी मजकूर मोघम राहिला, तर इंग्रजीही मोघमच होणार. मी काकूंना विचारलं, “काकू, यात चूक कुणाची आहे असं तुमचं म्हणणं, मीटरची की आकडा घेणाऱ्याची?” त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, मीटर बिचारं काय करणार? लिहिणाऱ्यानं उलटंसुलटं लिहिलं.” झालं, हेच तर वाक्य हवं होतं. इंग्रजीत ते झालं, ‘द मीटर रीडिंग हॅज बीन राँगली रेकॉर्डेड’. मीटरला कुणी हात लावायचा नाही, नोंद दुरुस्त करायची. तक्रारीचा प्रकार निवडायच्या यादीतही आम्ही मीटरच्या दोषाऐवजी चुकीच्या रीडिंगचा पर्याय निवडला.

दुसरा शब्द होता ‘माफ’. आपण सहज म्हणतो, बिल माफ करा. त्यात नम्रपणा आहे, आणि काकूंच्या पिढीला तो आवश्यक वाटतो. पण इंग्रजीत ‘वेव्ह’ म्हटलं की अर्थ होतो, रक्कम देणं लागतो हे मान्य, पण सोडून द्या. काकू ते पैसे देणंच लागत नव्हत्या. म्हणून तिथे ‘रिवाइज’ आलं, बिल दुरुस्त करून नवं द्यावं. ‘थकबाकी’चंही तसंच. काकूंना लिहायचं होतं, ‘मी ही थकबाकी भरणार नाही’. त्याचं सरळ इंग्रजी केलं असतं तर त्यांनी थकबाकी असल्याचं स्वतःच कबूल केल्यासारखं झालं असतं. आम्ही लिहिलं की ही रक्कम वादातली आहे, ‘डिस्प्युटेड’ आहे.

आणि एक मागणी काकूंच्या मूळ अर्जात नव्हतीच, ती मी घातली. नुसतं बिल कमी करून मागू नका, तर रेकॉर्डमधलं रीडिंग दुरुस्त करायला सांगा. नाहीतर काय होतं, या महिन्याची रक्कम वळती होते, पण संगणकात मागील रीडिंग ४८३१ च राहतं. पुढच्या महिन्यात खरं रीडिंग साडेचार हजारांच्या आत येणार. ते मागच्यापेक्षा कमी, म्हणून पुन्हा गोंधळ, पुन्हा सरासरी बिल, पुन्हा तक्रार.

शेवटी पोर्टलवर गेलेला मजकूर जेमतेम सहा वाक्यांचा होता. ग्राहक क्रमांक आणि बिलाचा महिना. बिलावरचं चालू रीडिंग आणि त्याची तारीख. पंधरा तारखेला प्रत्यक्ष मीटरवर दिसलेलं रीडिंग. ते आधीच्या तारखेच्या नोंदीपेक्षा कमी आहे, हे अशक्य आहे, म्हणून नोंदीत अंकांची अदलाबदल झालेली दिसते. रीडिंग पुन्हा घ्यावं, नोंद दुरुस्त करावी, सुधारित बिल द्यावं. सोबत फोटो जोडला, ज्यात रीडिंग आणि मीटरचा क्रमांक दोन्ही एकाच चौकटीत वाचता येत होते. नुसत्या आकड्याचा फोटो कुणाच्याही मीटरचा असू शकतो. काकूंचं ‘मी एकटी बाई’ हे वाक्य मात्र मी इंग्रजीत ठेवलं नाही. त्यांना वाईट वाटलं, मलाही. पण मूळ मराठी अर्ज सहीसकट स्कॅन करून जोडला, आणि त्यात ते वाक्य तसंच आहे. तारखा आणि आकडे दोन्हीकडे अगदी एकसारखे आहेत ना, हे आम्ही दोघींनी मोठ्यानं वाचून तपासलं.

आता बिल भरायची शेवटची तारीख जवळ आली होती, आणि काकूंना एकच धास्ती, लाईट कापतील. विद्युत अधिनियम २००३ चं कलम ५६ इथे उपयोगी पडतं. वीज तोडण्याआधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि वाद चालू असताना कंपनीनं मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ग्राहकानं हरकत नोंदवून भरली, तर वीज तोडता येत नाही. या ‘हरकत नोंदवून’ला कायद्यातला इंग्रजी शब्द आहे ‘अंडर प्रोटेस्ट’. निषेध म्हणजे घोषणा, मोर्चा असं काही मनात आणू नका. इथे त्याचा अर्थ एवढाच, की पैसे भरतोय पण हक्क सोडत नाही. पोर्टलवर तेवढीच रक्कम भरायची सोय दिसेना, म्हणून आम्ही कार्यालयात गेलो, अर्जावर हे दोन शब्द लिहिले, सरासरीची रक्कम भरली आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली.

कंपनीनं दाद दिली नसती तर पुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि त्यावर विद्युत लोकपाल. दोन्हींची तरतूद याच कायद्याच्या कलम ४२ मध्ये आहे. तिथे जायचं तर पोर्टलचा तक्रार क्रमांक आणि तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं ते हाताशी लागतं. तक्रार पाठवायच्या आधीच तिचा मजकूर कुठेतरी उतरवून ठेवा. काही पोर्टलांवर पाठवल्यानंतर तो पुन्हा दिसत नाही.

काकूंना तिथवर जावं लागलं नाही. आठवड्याभरानं एक माणूस आला, त्यानं टॉर्च लावून मीटर पाहिलं, फोटो काढला आणि गेला. सुधारित बिल ६३ युनिटांचं आलं. काकू रक्कम बघत होत्या, मी म्हटलं, काकू, अजून एक महिना थांबा. एप्रिलचं बिल आलं तेव्हा त्या स्वतःच वर आल्या, चष्मा लावला आणि मागील रीडिंगच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे ४३८१ होतं.