डावा डोळा लवतो तेव्हा

शकुनाचं आधी मिटवू, नाहीतर तुम्ही मला पुढे जाऊ देणार नाही. पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ, बाईचा डावा, बरोबर? आता ऐका. मागच्या एप्रिलमध्ये एक हिशेबनीस आले, मार्चअखेर नुकतीच आटोपलेली. ‘डॉक्टर, बारा दिवस झाले, डावी खालची पापणी लवूनच राहिली ना बाप्पा!’ आईनं तेवढ्यावरून मुलीची सोयरीक पाहायला जाणं दोनदा पुढे ढकललेलं. हसू नका, मागच्या रांगेतही एकदोघं पापणी चाचपताहेत.

त्यांची खरी भीती वेगळीच होती: लोकांना दिसत असेल. मला तर ते दिसायलाच मिनिटभर लागलं. पापणीची कातडी फार पातळ, खाली डोळा मिटणारा गोल स्नायू. त्यातले मोजकेच तंतू आपोआप आखडतात. आतून भूकंप वाटतो, बाहेरून नुसती सुरकुती हलते.

‘चहा किती?’ ‘दोन-तीन.’ शेजारी बसलेल्या वहिनींनी बोटं मोजली आणि आठवर थांबल्या. दुकानातला, टपरीवरचा, आणि तर्री-पोह्यांनंतरचा तर हिशेबातच नाही! हिशेबनीस माणूस, पण स्वतःच्या चहाची खातेवही कोरी. झोप साडेबाराला, उठणं पाचला, कूलर थेट तोंडावर. कूलरची हवा दमट असते हे खरं, पण रात्रभर वारा अंगावर घेतला की अर्धवट उघड्या डोळ्यावरचं पाणी उडतंच. दिवसा पडद्यासमोर पापण्याही कमी मिटतात, तेव्हा बाहेर नागपूरचा उन्हाळा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर थोडक्यात. थकवा आणि ताण यांनी चेतासंस्था हुळहुळी होते, कॅफीन तिला आणखी डिवचतं, कोरडा डोळा पापणीला सारखा टोचत राहतो. यातल्या चहाविरुद्धचा पुरावा तसा कच्चाच आहे, पण आठ कपांची बाजू मी घेणार नाही.

त्यांना सांगितलं: अकराला झोपा, चहा दर दोन दिवसांनी एकेक कप कमी करत जा, एकदम सोडला तर डोकं दुखेल. शेवटचा चार वाजता. कूलर भिंतीकडे वळवा, कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चार वेळा. दहाव्या दिवशी लवणं थांबलं. कशानं, ते मला सांगता येणार नाही, चारही गोष्टी एकदम बदलल्या. शिवाय बहुतेकांचं काही न करताही थांबतंच.

पण लवणं काही आठवडे टिकलं, पापणी पूर्ण मिटू लागली किंवा खाली पडली, डोळा लाल झाला, किंवा गाल आणि ओठाचा कोपराही ओढला जाऊ लागला, तर डॉक्टरकडे जा. शेवटच्या प्रकारात बहुधा चेहऱ्याच्या नसेवर रक्तवाहिनी दाबत असते, तिथे चहा कमी करून काही होत नाही.